स्थापना नेमकी कोणत्या साली? एका विद्यार्थिनीच्या पत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका महाविद्यालयातली ही तृतीय वर्ष बी.कॉम.ची विद्यार्थिनी. प्रकल्पासाठी तिने एक खाद्यपदार्थ कंपनी निवडली होती. कोकणातून मुंबईला गेलेल्या एका माणसाने लोणची-मसाल्यांचे दुकान थाटले, त्याचा पुढे व्याप वाढत गेला आणि आज ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिचा एक कारखाना आमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे गावात कंपनीबद्दल ऐकीव माहिती भरपूर आणि लिखित काहीच नाही, अशी स्थिती होती.

मी या प्रकल्पाचा मार्गदर्शक होतो. विद्यार्थिनी, कंपनी आणि तिथले अधिकारी ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि कंपनीची खरी सालेही काढून टाकली आहेत. दुकान 1940 च्या दशकातले आणि कंपनीची नोंदणी 1960 च्या दशकाच्या अखेरची, एवढे मात्र सांगायला हवे. त्याशिवाय पुढचा गुंता समजणार नाही.

पहिले पत्र आणि त्याचे काय झाले

जुलैच्या सुरुवातीला तिने मला विचारण्याआधीच कंपनीला एक पत्र पाठवून दिले होते. मजकूर असा: "मी आपल्या कंपनीवर प्रकल्प करत आहे. तरी आपल्या कंपनीच्या स्थापनेचा संपूर्ण इतिहास व सर्व उत्पादनांची यादी पाठवावी, ही नम्र विनंती." पत्ता लोणच्याच्या बरणीवरचा.

आता बरणीवर जो पत्ता असतो तो कशासाठी असतो? आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर तक्रारीसाठी संपर्काचे नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापावा लागतो. म्हणजे तो ग्राहक तक्रार कक्षाचा पत्ता. तिथे आलेला प्रत्येक कागद संगणकात तक्रार म्हणूनच चढतो, कारण दुसरा रकानाच नसतो. दोन-तीन दिवसांत तिला मोबाइलवर संदेश आला, "आपली तक्रार नोंदवली आहे." पुढे एका दुपारी फोन आला. त्या वेळी ती वर्गात होती आणि फोन बंद होता. त्यानंतर दुसरा संदेश, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." घरच्यांनी विचारले, लोणच्यात काय निघाले होते?

ही गंमत बाजूला ठेवली तरी पत्रात दोन खऱ्या अडचणी होत्या. ते चुकीच्या दारावर गेले हे तर दिसतेच. पण योग्य दारावर, म्हणजे कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स विभागात, गेले असते तरी उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही. "संपूर्ण इतिहास" मागणाऱ्या पत्राला तिथला माणूस फार तर संकेतस्थळाचा दुवा पाठवील. "सर्व उत्पादने" मागितली की प्रश्न आणखी अवघड होतो. निर्यातीची वेगळी नावे, दुसऱ्यांच्या नावाखाली बनवून दिलेला माल, नुकतीच बंद केलेली किंवा लवकरच येणारी उत्पादने यांतले काय सांगायचे हे तो एकटा ठरवू शकत नाही. शेअर बाजारातल्या कंपनीत न जाहीर झालेल्या उत्पादनाबद्दल बाहेर बोलणे कायद्यानेही अंगाशी येऊ शकते.

पुढे काय करायचे: विचारात घेतलेले मार्ग

ती माझ्याकडे आली ती माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, असे ठरवूनच. कंपनीत सरकारचा हिस्सा नाही, ती सरकारी निधीवर चालत नाही, तेव्हा 2005 चा तो कायदा तिला थेट लागू होत नाही. सरकारी कंपनी असती तर गोष्ट वेगळी होती. हा मार्ग तिथेच संपला.

दुसरा मार्ग कोकणातला नेहमीचा, ओळखीचा. तिचे मामा कारखान्यात पॅकिंग विभागात होते आणि मालाची अंतर्गत यादी फोनवर पाठवायला एका पायावर तयार होते. मी नको म्हटले. त्या यादीत कोड क्रमांक, पॅकचे प्रकार, कोणासाठी माल बनतो हे सगळे असते. ती बाहेर गेली तर नोकरी मामांची जाणार. शिवाय तोंडी परीक्षेत "ही यादी कुठून आणली?" असे विचारले तर उत्तर काय देणार?

तिसरा मार्ग कंपनी सचिवांना लिहिण्याचा. त्यांचा ईमेल संकेतस्थळावर ठळक दिसतो, कारण भागधारकांच्या तक्रारींसाठी तो देणे बंधनकारक आहे. पण तिथेही पहिल्यासारखेच झाले असते, विद्यार्थिनी या वेळी भागधारक ठरली असती इतकेच.

शेवटी ठरले ते असे. आधी जे सार्वजनिक नोंदींत आहे ते स्वतः काढायचे. त्यातून जे सुटत नाही तेवढेच विचारायचे. उत्पादनांची यादी कंपनीकडे मागायची नाही, आपण करायची आणि तपासायला पाठवायची.

सार्वजनिक नोंदींतून काय निघाले

कंपनीच्या संकेतस्थळावर तळाशी 21 अक्षर-अंकांचा एक क्रमांक होता, कॉर्पोरेट ओळख क्रमांक, ज्याला सगळे सीआयएन म्हणतात. पत्रे, बिले आणि सूचनापत्रांवर तो छापणे 2013 च्या कंपनी कायद्याने सक्तीचे आहे. बहुतेकांची नजर त्यावरून घसरते, पण तो वाचता येतो. पहिले अक्षर `L` असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, `U` असेल तर नाही. मग उद्योगाचे पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरे (महाराष्ट्राची `MH`), मग चार अंकी साल, मग कंपनीचा प्रकार, उदाहरणार्थ `PLC`, आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. ते चार अंकी साल म्हणजे कंपनी म्हणून नोंदणी झाल्याचे साल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याची नेमकी तारीखही मिळते.

ते साल आणि बरणीवरचे "स्थापना" म्हणून छापलेले साल यांत 23 वर्षांचे अंतर निघाले.

विद्यार्थिनी घाबरली. कंपनी खोटे छापते की काय, असे तिला वाटले. तसे काही नव्हते. धंदा सुरू होणे आणि कंपनी नोंदणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि जुन्या मराठी उद्योगांत त्यांच्यामध्ये बऱ्याचदा एक पिढी जाते. पण हे अंतर सापडले आणि प्रकल्पाला पहिल्यांदा खरा प्रश्न मिळाला.

उत्पादनांसाठी तिने तीन ठिकाणे पाहिली. संकेतस्थळावर दीडशेच्या वर नोंदी होत्या, कारण तिथे एकच लोणचे चार वजनांत आणि दोन प्रकारच्या वेष्टनांत आठ वेळा येत होते. वार्षिक अहवालात उलट टोक. बाजारमूल्याने पहिल्या हजारांत असलेल्या कंपन्यांना 2022-23 पासून व्यवसाय जबाबदारीचा एक अहवाल द्यावा लागतो आणि त्यात उलाढालीच्या 90 टक्के भाग ज्यांतून येतो त्या उत्पादनांचा तक्ता असतो. इथे तो तक्ता जेमतेम तीन ओळींचा होता: मसाले, लोणची, सरबते. तिसरे ठिकाण बाजारपेठेतली दुकाने. तिथे फळीवर प्रत्यक्ष काय दिसते ते तिने वहीत लिहून घेतले.

मोजायचे कसे, हा निर्णय इथे घ्यावा लागला. तिने नियम केला: घटकपदार्थांची यादी सारखी असेल तर उत्पादन एकच, वजन काहीही असो. या नियमाने 41 उत्पादने उरली. त्यांपैकी कोकम सरबताच्या बाटलीवर उत्पादक म्हणून सिंधुदुर्गातल्या एका लहान युनिटचे नाव होते आणि कंपनीचे नाव फक्त विपणनासाठी. हे कंपनीचे उत्पादन मानायचे का? तिने यादीत ठेवले, पण पुढे "दुसऱ्याकडून बनवून घेतलेले" असा शेरा दिला. माझ्या मते हा शेरा तिच्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला शब्दप्रयोग होता. असा शेरा आणखी पाच ठिकाणी लागला.

दुसरे पत्र

योग्य पत्ता मिळाला तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर. कंपनी तिथे जी प्रसिद्धिपत्रके दाखल करते, त्यांच्या शेवटी माध्यमांसाठी संपर्क म्हणून कम्युनिकेशन्स विभागाचा ईमेल असतो. वेळ ठरवताना थोडा वाद झाला. तिला ऑगस्टमध्येच पाठवायचे होते. पण जूनच्या तिमाहीचे निकाल 14 ऑगस्टपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत, आणि मध्ये गणपती. त्या दिवसांत मुंबईतल्या कुठल्याही कचेरीतला निम्मा कर्मचारीवर्ग आमच्याच बाजूला आलेला असतो. सभा उरकल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र गेले. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, माझ्या सहीसह, ईमेलला जोडून. भाषा मराठीच ठेवली.

"विषय: शैक्षणिक प्रकल्पासाठी स्थापनेविषयी तीन प्रश्न व उत्पादन यादीची तपासणी.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे मी वाचली आहेत. त्यांतून न उलगडलेले तीन प्रश्न असे:

1. वेष्टनावरील स्थापनेचे साल आणि कंपनी नोंदणीचे साल यांत 23 वर्षांचे अंतर आहे. वेष्टनावरील साल मूळ दुकानाचे आहे का?

2. नोंदणीपूर्वी व्यवसाय भागीदारीत होता का? असल्यास केव्हापासून?

3. सुरुवातीच्या दुकानात कोणती उत्पादने विकली जात, याची नोंद आपल्याकडे आहे का?

सोबत 41 उत्पादनांची यादी जोडली आहे. तीत चूक असल्यास कृपया खूण करावी. न जाहीर झालेली कोणतीही माहिती मला नको आहे. उत्तर प्रकल्प अहवालात आपल्या विभागाच्या नावे उद्धृत केले जाईल. अहवाल डिसेंबरमध्ये सादर करायचा आहे."

शेवटून तिसरे वाक्य मी सुचवले होते. ते वाचणाऱ्याची निम्मी धास्ती घालवते.

उत्तर

साधारण पंधरवड्याने उत्तर आले. बरणीवरचे साल दुकानाचेच, हे स्पष्ट सांगितले होते. भागीदारी पेढी कंपनीच्या नोंदणीआधी तीन वर्षे "स्थापन झाली", असे साल दिले होते. सुरुवातीच्या उत्पादनांची नोंद उपलब्ध नाही. यादीत दोन खुणा होत्या: एक मसाला बंद झालेला, दुकानात दिसला तो उरलेला साठा, आणि एक चटणी सुटलेली. शेवटी विनंती: अहवाल सादर करण्यापूर्वी मसुदा पाहायला मिळावा आणि बोधचिन्ह मुखपृष्ठावर वापरू नये.

नंतर फोनवर त्या अधिकारी बाई म्हणाल्या, "यादी मागितली असती तर मला तीन विभागांना विचारावं लागलं असतं आणि उत्तर दिवाळीनंतरही आलं नसतं. तपासायला दिलीत म्हणून मी एकटीने ती एका दुपारी पाहिली."

मसुदा दाखवायचा की नाही, हा पुढचा निर्णय. विद्यार्थिनीला वाटत होते, त्यांनी एवढी मदत केली आहे, दाखवायलाच हवा. माझे म्हणणे होते की पूर्ण मसुदा दाखवला की निष्कर्षांवरही हात फिरतो. त्यात कंपनीच्या किमतींवर दुकानदारांनी केलेली टीका होती. शेवटी कंपनीने दिलेली माहिती जिथे आली आहे तेवढाच दीड पानांचा भाग, तपशील तपासण्यासाठी म्हणून पाठवला. त्यांनी हरकत घेतली नाही.

जुने दरपत्रक

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनीकडे नव्हते, ते घाऊक व्यापाऱ्याकडे निघाले. चिपळूणच्या बाजारपेठेत आधी विचारून झाले होते. तिथल्या एका जुन्या पेढीकडे असल्या कागदांची पेटी होती, पण 22 जुलै 2021 च्या पुरात तिचा लगदा झाला होता. मग खाडीपासून दूर, चढावरच्या एका गावात तिसऱ्या पिढीचे किराणा दुकान सापडले. तिथल्या आजोबांनी एक फाइल काढून दिली, "बघ हो बाय, पण इथेच बसून बघ."

त्यात कंपनीच्या आधीच्या पेढीचे छापील दरपत्रक होते. तारीख नाही. पण कागद स्वतःचे वय सांगत होता. भाव रुपये आणि "न. पै." मध्ये होते. नये पैसे 1957 च्या एप्रिलमध्ये आले आणि 1964 मध्ये "नये" हा शब्द अधिकृतपणे गळला. वजने किलोत होती, आणि दशमान वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. मुंबईच्या पत्त्यात शहरापुढे फक्त विभागाचा अंक होता, सहा अंकी पिनकोड नव्हता, जो 1972 मध्ये सुरू झाला. पत्त्याचा पुरावा कच्चा, कारण लोक पुढे कित्येक वर्षे जुन्याच पद्धतीने लिहीत राहिले. छापखान्यातही "न. पै." थोडे रेंगाळले असेल. तरी दरपत्रक 1960 च्या आसपासचे आहे, 1965 नंतरचे असण्याची शक्यता कमी, इतके म्हणता येत होते.

आणि त्यावर शीर्षक होते "मेसर्स", आडनाव, "आणि बंधू".

म्हणजे कंपनीने दिलेल्या सालाच्या बरीच आधी भागीदारी चालू होती. मग कंपनीचे उत्तर चुकले का? हा तिढा 1932 च्या भागीदारी कायद्याने सुटतो. या कायद्यात पेढीची नोंदणी ऐच्छिक आहे. दोन भाऊ तोंडी किंवा साध्या करारावर वर्षानुवर्षे धंदा करू शकतात. मात्र न नोंदलेल्या पेढीला करारातून आलेल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. उधारी वाढली, मोठे व्यापारी जोडले गेले की पेढ्या मग नोंदणी करून घेतात. कंपनीच्या दप्तरात होते ते बहुधा पेढीच्या नोंदणीचे साल आणि उत्तरात ते "स्थापना" म्हणून आले. अहवालात विद्यार्थिनीने तसेच लिहिले: दुकान, भागीदारीचा सर्वांत जुना उपलब्ध पुरावा, पेढीचे कंपनीने दिलेले साल, कंपनीची नोंदणी. चार ओळी, प्रत्येकीसमोर आधार. "बहुधा" हा शब्दही तिने ठेवला.

दरपत्रकात नऊ जिन्नस होते. त्यांपैकी पाच आजच्या 41 मध्ये आहेत. फणसपोळी, तिरफळ, मेतकूट आणि कोकमाचे आगळ यादीतून गेले आहेत. कोकम परत आले ते सरबताच्या रूपात, तेही दुसऱ्याकडून बनवून घेतलेले.

निष्पत्ती

अहवाल वेळेत सादर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निम्मा वेळ त्या चार ओळींवरच घालवला. कंपनीला दरपत्रकाबद्दल कळवल्यावर तिथून लगेच फोन आला, फोटो मिळेल का? आजोबांना विचारले. ते म्हणाले, द्या, पण दुकानाचे नाव आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली उधारी दिसता कामा नये. तसाच फोटो गेला. बरणीवर काही बदल झालेला नाही आणि व्हायचे कारणही नाही.

वेगळे काय करता आले असते

घाऊक व्यापाऱ्यांकडे दुसऱ्या पत्राच्या आधी जायला हवे होते. दरपत्रक हातात असते तर दुसरा प्रश्न "भागीदारी केव्हापासून?" असा मोघम न राहता "आपले साल पेढीच्या नोंदणीचे आहे की भागीदारी सुरू झाल्याचे?" असा थेट विचारता आला असता आणि अहवालातला तो "बहुधा" कदाचित गेला असता. नंतर विचारून पाहिले, पण तोपर्यंत डिसेंबर तिमाहीची धांदल सुरू झाली होती. उत्तर आले नाही.

मसुद्याबद्दल पत्रातच लिहायला हवे होते की, आपण दिलेली माहिती जिथे वापरली आहे तेवढा भाग तपासणीसाठी पाठवू. विनंती समोरून आल्यावर मर्यादा घालणे अवघड जाते. इथे निभावले ते त्या बाई समजूतदार होत्या म्हणून.

व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत आम्ही शोध घेतलाच नाही. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि प्रत्येक अर्जात ते चिन्ह केव्हापासून वापरात आहे याचा अर्जदाराने केलेला दावा असतो. तो दावाच असतो, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण कोणते उत्पादन कोणत्या नावाने कधी बाजारात आले याचा क्रम त्यातून लावता येतो. लोणची वर्ग 29 मध्ये, मसाले 30 मध्ये, सरबते 32 मध्ये शोधायची. या वर्षी एक विद्यार्थी दापोली भागातल्या एका काजू प्रक्रिया उद्योगावर काम करतो आहे. त्याला पत्र लिहायला बसण्याआधी तिथूनच सुरुवात करायला सांगितले आहे.